चंदाच्या पातळाची झोळी

कावेरीच्या पाठीवरचं पुरळ काही केल्या जात नव्हतं. आणि रविवारी सासूबाई येणार होत्या.

सासूबाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "जावईबापू, पोरीचं अंग तसंच दिसलं तर मी तिला साक्रीला घेऊन जाईन. तुम्ही कंपनीत जाता, पोर शेजारणीकडं. आईवेगळं लेकरू असं वाढतं का?"

नवनाथ सिल्वासाच्या सूत कंपनीत पॅकिंगला होता. त्याची बायको चंदा कावेरीच्या बाळंतपणात गेली. तेव्हापासून अथालच्या चाळीतल्या खोलीत तो आणि त्याची लेक, दोघंच. पोरही गेली तर घरी येऊन कुलूप कुणासाठी उघडायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात फिरत राहायचा.

शिफ्ट सुटल्यावर तो सरळ मेडिकलवर गेला. दुकानातली अश्विनी त्याला आता ओळखत होती.

"काय भाऊ, परत डायपर?"

"ताई, तो बदलला ना मी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि थोडे दिवस बघा. तसंच केलं."

पहिल्या पाकिटावर मोठ्या अक्षरात 'नाजूक त्वचेसाठी' असं लिहिलं होतं. पण मागच्या बारीक अक्षरांत लोशन होतं आणि परफ्यूम होता. अश्विनीनंच ते दाखवलं होतं. "पुढचं वाचू नका, मागचं वाचा," ती म्हणाली होती. "फ्रॅग्रन्स म्हणा, परफ्यूम म्हणा, एकच. 'अनसेंटेड', म्हणजे बिनवासाचं, असं लिहिलेल्यातही कधी कधी वास दाबायला सुगंध घालतात. 'फ्रॅग्रन्स फ्री' असेल तरच घ्या, आणि तरी यादी वाचा." त्या दिवसापासून नवनाथ चष्मा लावून पाकिटं उलटी धरत होता. पुसायचे ओले कागदही त्यानं बंद केले. कोमट पाणी आणि मऊ कापूस वापरायला लागला. डायपरखालची लाली गेली. पाठ, मान आणि दंडाच्या मागची बाजू मात्र तशीच राहिली.

"मग खाण्यामुळे होत असेल," तो म्हणाला. "तिच्या खाण्याच्या डब्यावर गहू आणि दुधाची पावडर लिहिली होती. तो बंद करून आता नुसती तांदळाची पेज देतो. तरी फरक नाही."

अश्विनीनं दोन गिऱ्हाइकं उरकली, मग विचारलं, "खाण्याचं असतं तर नुसत्या पाठीलाच का झालं असतं? पाठीला काय लागतं तिच्या?"

"झोळी. चंदाच्या पातळाची."

"धुता कशानं?"

नवनाथ तसाच घराकडं वळला. ते पातळ तो धुतच नव्हता. चंदाच्या अंगाचा वास होता त्याला. वास उतरायला लागला तेव्हा तिच्या पावडरीचा अर्धा उरलेला डबा त्यानं खाली काढला आणि झोळीवर थोडी थोडी भुरभुरायला सुरुवात केली. पोरीला आईचा वास यावा म्हणून, असं तो कोंडाबाईला सांगायचा.

कोंडाबाई शेजारीण. कावेरीला तीच सांभाळायची. तो घरी पोचला तेव्हा ती झोळीला झोका देत होती.

"आलास? आज लई किरकिर केली बघ. पाठ घासत होती नुसती."

नवनाथनं पावडरीचा डबा काढला, चष्मा लावला आणि डबा उलटा धरला. मागच्या यादीत तोच शब्द होता. फ्रॅग्रन्स.

"काय वाचतो रं?"

"मावशी, डायपर बदलला, खाणं बदललं. हा घरातला डबा काही उलटा केला नाही मी."

कोंडाबाईला लगेच कळलं. ती हळूच म्हणाली, "मग धुऊन टाक बाबा. चंदी काय रागावायची नाही."

त्यानं कावेरीला तिच्याकडं दिलं आणि झोळी सोडली. पातळात तोंड खुपसून तो थोडा वेळ तसाच बसला. मग साध्या, बिनवासाच्या साबणानं ते धुतलं, आणि पाण्याला फेस यायचा थांबेपर्यंत खळबळत राहिला. दोरीवरून वाळून आलेलं पातळ कुणाचंही असावं असं होतं.

रविवारी सासूबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी कावेरीचं झबलं वर केलं. पुरळ पूर्ण गेलं नव्हतं, पण लाली उतरली होती, आणि खाजवल्याच्या खुणांवर नवी कातडी आली होती. त्यांनी पाठीवरून दोनदा हात फिरवला.

"पोर निवांत निजते का आता?"

"निजते."

मग त्या झोळीजवळ गेल्या. पातळ ओळखून त्यांनी त्याचा पदर नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

"हे धुतलं तुम्ही?"

"धुवावं लागलं, आई."

नवनाथनं फळीवरचा डबा काढून त्यांच्यापुढं ठेवला. सगळं सांगितलं. त्यांनी झाकण उघडलं, एकदाच वास घेतला, आणि झाकण घट्ट लावलं.

"पोरीला राहू द्या इथंच," त्या म्हणाल्या. "हा मी नेते."

संध्याकाळच्या एसटीनं त्या डबा घेऊन साक्रीला गेल्या. नवनाथनं खोलीचं दार लोटलं. झोळीत कावेरी शांत निजली होती. त्यानं वाकून पातळाला नाक लावलं. साबणाचाही वास नव्हता. मग तो खाली बसला आणि झोका देत राहिला.