न मोजायचं मत

चोपड्याचे पारसमल कापडवाले कधी मत द्यायला गेले नाहीत. आळस म्हणाल तर तोही नाही, माणूस पहाटे पाचला उठणारा. त्यांचा हिशेबच तसा होता. मागल्या खेपेला चाळीस हजारांवर मतं पडली आणि आमदार चार हजारांनी निवडून आला. "माझं एक घाला नाहीतर काढा, निकाल तोच. मग उन्हात दोन तास रांग कशाला?"

"आन् बठ्ठा आसंच म्हनतीन तं?" त्यांचे जुने गिऱ्हाईक, अभिमन आबा, विचारत.

"सगळे घरी बसले तर मी धावत जाईन, आबा. मी एकटाच आमदार करीन! पण हे दिसलं की सगळेच धावतील, आणि माझं मत पुन्हा कवडीमोल. शिवाय मी गेलो म्हणून दुसरा कोण जाणार आहे?"

आबा मात्र दर वेळी मत देऊन येत.

बहात्तर साली विधानसभेच्या मतदानालाही शेठ गादीवरच बसले होते. दुपारी त्यांच्या पत्नी धनकुंवर मत देऊन परतल्या, त्या हसतच. "गुपचूप जाऊन आलात ना? यादीत तुमच्या नावावर रेघ आहे."

शेठचा चेहरा उतरला. कुणीतरी पारसमल बनून मत देऊन गेला होता. वीस वर्षं ज्या वस्तूला त्यांनी कवडीची किंमत दिली नाही, ती चोरीला गेली म्हणून त्यांना राग आला, आणि राग आला म्हणून आणखी राग आला. चपला अडकवून ते निघाले.

केंद्राध्यक्ष सरळ माणूस होता. त्याने चार प्रश्न विचारून ओळख पटवली, बोटाला शाई लावायला सांगितलं, वेगळ्या यादीवर सही घेतली आणि मतपत्रिकेच्या पाठीवर 'प्रदत्त' असं लिहिलं. "शिक्का मारा, पण पेटीत टाकू नका. माझ्याकडे द्या. ही पाकिटात जाते, मोजत नाहीत. कोर्टात भांडण गेलंच तर पाहायची."

आजवर निदान लाखात एक संधी तरी होती, आता तीही उरली नाही. शेठच्याच हिशेबाने त्यांनी तिथूनच माघारी फिरायला हवं होतं. पण मतपत्रिका घेऊन ते आडोशाला गेले.

आणि तिथे अडले. चार नावं, चार चिन्हं. कुणाला द्यायचं, याचा विचार त्यांनी जन्मात केला नव्हता. पहिला गोड बोलायचा, पण पाच वर्षांत पेठेत फिरकला नव्हता. तिसरा तापट, पण नळासाठी भांडला होता. बाहेर रांग कुरकुरू लागली. शेवटी तिसऱ्याच्या चिन्हावर त्यांनी शिक्का मारला, शाई पसरणार नाही असा जपून, आणि घडी केंद्राध्यक्षाच्या हातात दिली.

निकाल लागला. तिसरा साडेतीन हजारांनी पडला.

"तुमनं मत मोजं आसतं तरी काय फरक पडता, शेठ?" आबांनी दुकानात येऊन विचारलं.

"काहीच नाही," शेठ म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आजवर निवडणुकीत कुणी ना कुणी पडत आला होता. या खेपेला ते स्वतः हरले होते.