घरात पक्षी आहेत का?

गोडेलिव्हला तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला, तेव्हा गावच्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा तीच औषधं लिहून दिली. ताप उतरला, खोकला मात्र घर करून बसला. दोन वर्षांत तिची अशी गत झाली की माडीवर जाताना चौथ्या पायरीवर टेकावं लागे. शहरातल्या इस्पितळात सांगितलं, फुफ्फुसात वण पडत चाललेत, कारण सापडत नाही. तिथल्या अर्जावर प्रश्न होता : घरात पक्षी आहेत का? तिने ‘नाही’वर खूण केली. ती खोटं बोलली नव्हती. कबुतरं ओडीलची, तिच्या नवऱ्याची. ती बागेच्या टोकाच्या कबुतरखान्यात असत, आणि वास सहन होत नाही म्हणून गोडेलिव्ह तिकडे फिरकतही नसे.

ओडील चाळीस वर्षं शर्यतीची कबुतरं पाळत होता. सगळ्या फ्लँडर्स प्रांतात त्याच्या निळ्या नराचं नाव होतं. बायको मरायला टेकलीय आणि आपल्या हातात काही नाही, या विचाराने तो हल्ली तासन्‌तास कबुतरखान्यातच बसून राही.

मग इस्पितळात डॉ. वेर्माण्डर आल्या. वयाने लहान, पण चिवट. त्यांनी यंत्रं बाजूला ठेवली आणि तासभर नुसते प्रश्न विचारले. लहानपणी शेतावर होतात? कुजक्या, बुरशी आलेल्या गवतात काम केलंत? न्हाणीघराच्या भिंती ओलसर आहेत? उशी पिसांची की कापसाची? ओडील शेजारी बसला होता; गोडेलिव्ह धापा टाकत उत्तरं देत होती. वडिलांचा गोठा सोडून पंचेचाळीस वर्षं झाली होती, भिंती कोरड्या होत्या, उशी कापसाची होती.

“मधे कधी बरं वाटलं होतं?”

ईस्टरला मुलीकडे, समुद्राकाठी, तीन आठवडे राहिले होते, ती म्हणाली. खोकला जवळजवळ गेला होता. घरी आले त्याच रात्री पुन्हा ताप.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “घरी येऊन काय केलंत?”

“कपडे धुतले. ह्यानं तीन आठवड्यांचा ढीग लावून ठेवला होता.”

“कसे धुता?”

“आधी झटकते, मागच्या दारात. त्याच्या कोटातून पांढरी पूड निघते ना, मशीन तुंबतं तिनं.”

“कसला कोट?”

गोडेलिव्ह उत्तर द्यायच्या आधीच ओडील म्हणाला, “कबुतरांचा. माझा.” आणि मान खाली घालून बसला.

पुढच्या तपासण्या डॉक्टरांनी कबुतरांच्या पिसांतून झडणाऱ्या त्या पुडीच्या मागावर केल्या. रक्तात कबुतरांविरुद्धची प्रतिद्रव्यं भरपूर निघाली. ती ओडीलच्याही रक्तात होती, आणि तो ठणठणीत होता. नुसत्या रक्तावरून आजार ठरत नाही, डॉक्टरांनी सांगितलं; पण फुफ्फुस धुऊन काढलेलं पाणी, स्कॅन आणि ते तीन आठवडे, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. सूज स्टेरॉइडने ओसरेल. वण जाणार नाहीत. आणि पूड थांबली नाही, तर औषधाचा उपयोग शून्य.

“दोन वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर?” ओडीलने विचारलं.

“तर बरंच वाचलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

गोडेलिव्ह मुलीकडे गेली. ओडीलने कबुतरखाना पाडला, गालिचे, पडदे, तो कोट, सगळं फेकलं, भिंती दोनदा ओल्या फडक्याने पुसल्या. पूड महिनोन्‌महिने टिकते असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बऱ्याच जणांनी नकार दिल्यावर कबुतरं दूर आर्डेनच्या डोंगराळ भागातल्या एका ओळखीच्याने नेली, कायम कोंडून ठेवीन अशा बोलीवर. मोकळी सोडली की ती जुन्याच घरी परतणार, हे दोघेही जाणून होते.

हिवाळ्यात गोडेलिव्ह नळीतून प्राणवायू घेत घरी आली. महिनाभराने, भर दुपारी, निळा नर स्वयंपाकघराच्या खिडकीवर येऊन बसला. आर्डेनला कुणाच्या तरी हातून दार उघडं राहिलं होतं. पाडलेल्या कबुतरखान्याची जागा त्याला ओळखू येत नव्हती. तो काचेवर चोच मारत होता.

ओडीलने आर्डेनला फोन केला. परत पाठव, दार पक्कं करतो, तो माणूस म्हणाला. पण पाखरू एकदा वाट शिकलं होतं; ते पुन्हा येणारच.

ओडील बाहेर गेला. नर नेहमीसारखा हातात आला. शेडमागे जाऊन त्याने त्याची मान पिरगाळली, खड्डा करून पुरला, मग अंगावरचे कपडे पिशवीत बांधले आणि थंडीत नळाखाली उघड्यावर अंघोळ केली. हात कितीदा धुतले याचा त्याला पत्ता नव्हता.

आत गोडेलिव्ह खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं.

“किती वेळा जिंकला होता रे तो?” तिने विचारलं.

“सात वेळा.”

ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. “दुसरं कुणी शोधलं असतंस. त्याला पाळणारं.”

“शोधून दमलो, लिव्ह.”

मार्चमधल्या तपासणीत डॉ. वेर्माण्डर म्हणाल्या, नवे वण नाहीत. फुफ्फुसांची ताकद गेल्या वेळेपेक्षा वाढली नाही, पण घटलीही नाही. गाडीत बसताना गोडेलिव्हने नळी सारखी केली. ओडीलने गाडी चालू केली, पण बराच वेळ त्याला ती पुढे घेता आली नाही.