तिसरा टेक

एक्केचाळीस तास बारा मिनिटं. देवदत्तने एवढं चित्रित करून आणलं होतं, आणि त्यातून सत्तर मिनिटांची फिल्म काढायचं काम गंधालीच्या गळ्यात पडलं होतं. दिग्दर्शकांचं एक बरं असतं. कॅमेरा चालू ठेवायचा आणि घरी जायचं. निस्तरायला एडिटर आहेच.

फिल्म होती गिरणगावात एकेकाळी खाणावळी चालवणाऱ्या कोकणातल्या बायकांवर. नऊ बायका, सगळ्या सत्तरी ओलांडलेल्या, आता घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशा पांगलेल्या. अंधेरीच्या आंबोलीतल्या एका इमारतीत, खिडकीला काळा पडदा लावलेल्या खोलीत गंधाली तीन आठवडे त्यांच्याबरोबर राहत होती. चौतीस वर्षांची, पार्ल्यात वाढलेली गंधाली आता स्वप्नातसुद्धा सुक्या बांगड्याचा वास घेत होती.

एक्केचाळीस तास बसून बघायला वेळ कुणाला असतो? सगळ्या मुलाखतींचा मजकूर आधी मशीनने उतरवला होता. मालवणी बोलणं आलं की मशीन चक्क वाटेल ते लिहायचं, म्हणून देवदत्तने कणकवलीच्या एका मुलीकडून तो ओळीन् ओळ तपासून घेतला होता. आता शब्द टाकला की तो जिथे जिथे उच्चारला गेला ती प्रत्येक जागा वेळेसकट समोर यायची. गंधाली पूर्ण शब्द कधीच टाकायची नाही. ‘तांदूळ’ शोधलं तर ‘तांदळाचा’ निसटतो, म्हणून ती नुसतं ‘तांद’ टाकायची. मग एकेक जागा ऐकायची आणि टॅग लावायची: घ्यायचं असेल तर हिरवा, बघू म्हटलं तर पिवळा, नको तर लाल. सोबत दोन शब्दांत विषय. हे काम तिला मनापासून आवडायचं. तांदूळ निवडत बसावं तसंच ते होतं, फक्त पाठ जास्त दुखायची.

‘तांद’ने त्रेसष्ट जागा दिल्या. त्यातल्या तीन प्रेमाकाकींच्या, आणि तिन्ही एकाच प्रसंगाच्या.

प्रेमाकाकी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, घाटकोपरच्या भटवाडीत राहणाऱ्या. ब्याऐंशीच्या गिरणी संपाच्या वर्षी त्यांचा धाकटा दीर लवू एका दुपारी खाणावळीत आला आणि म्हणाला, वहिनी, भात असेल तर दे. बायको बाळंतपणात गेलेली, चार वर्षांचा मुलगा सुबोध काकींकडेच वाढत होता, आणि लवू कुठल्याशा खोलीत चौदा जणांत झोपत होता. काकींनी त्याला भात दिला नाही. तो पाणी पिऊन गेला, पुढच्या आठवड्यात गावी निघून गेला, आणि महिन्याच्या आत तापाने वारला. सुबोधला मग काकींनीच मोठं केलं. तो त्यांना आईच म्हणतो.

पहिल्या टेकमध्ये काकी म्हणाल्या, तांदूळ संपले होते. पण वरून विमान गेलं. घाटकोपरला ते कधी चुकत नाही. लाल. दुसऱ्या टेकमध्ये आवाज स्वच्छ होता, काकी पुन्हा तेच म्हणाल्या, पण पाठ म्हटल्यासारखं. पिवळा. मग चहा झाला असावा. तिसऱ्या टेकमध्ये काकींच्या हातात रिकामा कप होता आणि देवदत्तने सहज पुन्हा विचारलं होतं.

“तांदूळ होते,” काकी म्हणाल्या. “डबो अर्धो भरलेलो होतो. मी नाय म्हणान सांगितलंय.” मग त्यांना खोकला आला, बराच वेळ आला, आणि तो थांबल्यावर त्या म्हणाल्या, “झिलासाठी ठेवलेले. लवूक वाढले असते तर झिलाक काय घातलंय असतंय?”

झील म्हणजे मुलगा, म्हणजे सुबोध. गंधालीने हिरवा टॅग लावला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. देवदत्तला फोन केला तर तो धावतच आला. दोनदा ऐकून म्हणाला, “हीच फिल्म आहे. बाकी सगळं इथवर येण्यासाठी.” शुक्रवारी फिल्मला पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं कच्चं संकलन बघायला येणार होती आणि त्याला पहिल्यांदाच भीती वाटत नव्हती.

अडचण फक्त खोकल्याची. तो कापला की चित्र झटका खातं, एका क्षणी कप डावीकडे तर पुढच्या क्षणी उजवीकडे. अशा वेळी वरून दुसरं दृश्य घालून सांधा झाकतात. गंधालीने ‘हात’ असा टॅग लावलेली दृश्यं काढली. त्यांत काकी सुपात तांदूळ निवडत होत्या, शेजारच्या कमलताई बाजूला बसलेल्या. या दृश्यांचा आवाज वापरायचा नसतो म्हणून ती मजकूर उतरवायला पाठवलीच नव्हती. कुठल्याही शोधात ती कधी येणार नव्हती.

एरवी ती आवाज बंद करूनच बघते. त्या दिवशी बंद करायचा राहिला. काकींच्या पदराला लावलेला माइक कुणी काढला नव्हता.

“कमल गो,” काकींचा आवाज अगदी कानाशी आला, “मी मगाशी त्या पोराक भलताच बोललंय. ता घालू नको म्हणान सांग त्येका. पयला सांगलंय ताच घालूक सांग.”

“तूच सांग ना,” कमलताई म्हणाल्या.

“माका धीर होणा नाय. आमच्या झिलाक कळला, की आपल्या बापाचो घास आपण खाल्लो, तर भात उतरूचो नाय गो त्याच्या घशाखाली.” आणि सुपातले हात थांबले. बोटं तांदळात तशीच राहिली. दृश्य म्हणून काय सुंदर होतं ते!

गंधालीने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. कमलताईंनी निरोप दिलाच नव्हता हे उघड होतं. आता हे ऐकलेली माणसं तीन, आणि तिसरी ती. तिने हा तुकडा लाल करून टाकला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हात दुसरीकडचे घेतले असते. शुक्रवार झकास गेला असता. तिला स्वतःचाच राग आला, कारण हा विचार तिने चांगला पाच मिनिटं केला.

देवदत्तने ऐकलं आणि तो आधी तिच्यावरच उखडला. “हातांचा शॉट आवाजासकट कोण बघतं यार?”

“बघितला. आता काय करू?”

“तिने संमतीच्या फॉर्मवर सही केलीय गंधाली. माइक लावलाय हे तिला माहीत होतं.”

“विसरली होती. तूही विसरलास.”

तो खुर्चीत बसला, पुन्हा एकदा ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. एक्केचाळीस तास उन्हातान्हात हिंडल्यावर हाती लागलेली एकच गोष्ट कुणी मागे मागितली तर माणूस काय करणार?

“मग दुसरा टेक घालू,” तो शेवटी म्हणाला. “तीच म्हणतेय ना, पहिलं सांगितलं ते घाला.”

“ते खोटं आहे, देवा. काल माहीत नव्हतं, आज आहे.”

“मग काय, तिथे भोक ठेवू?”

“मला उद्याचा दिवस दे.”

तो बॅग उचलून गेला, म्हणजे दिला.

दुसऱ्या दिवशी गंधालीने ‘तांद’ सोडून दिलं आणि ‘भात’ टाकला. एकशे बारा जागा आल्या. बहुतेक तिने आधीच ऐकून पिवळ्या केलेल्या, ‘घरगुती’ असं लिहून बाजूला सारलेल्या. पुन्हा प्रत्येक ऐकली. दुपारी चारच्या सुमाराला प्रेमाकाकींचं एक साधं वाक्य आलं. देवदत्तने सुबोधबद्दल विचारलं होतं, तो काय करतो, कसा आहे. काकी हसून म्हणाल्या होत्या, “आमचो सुबोध ताटात भाताचा शीत ठेवना नाय. कोणी शिकवूक नाय त्येका. ल्हान होतो तेवापासून तसोच.”

आदल्या आठवड्यात हेच वाक्य ऐकून तिने जांभई दिली होती. आता ते तिने तीनदा ऐकलं. तिने लवूचा प्रसंग त्याने भात मागितला तिथवर घेतला, उत्तर घेतलंच नाही. मग हात घेतले, मुके, तांदळात थांबलेले. मग हे वाक्य. खोकला कापायची गरजच उरली नाही.

देवदत्तने बघितलं. “लोकांना कळणार नाही,” तो म्हणाला. पुन्हा एकदा बघून म्हणाला, “पण लागेल.” आणि मग, “तिला दाखवून ये. मला जमणार नाही.”

गंधाली मेट्रोने घाटकोपरला गेली. सुबोधला सुट्टी होती. सत्तेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, वीज मंडळात नोकरीला असलेला गृहस्थ. त्याने लॅपटॉपसमोर आईला पुढे बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. काकींनी मांडीवर हात घट्ट धरले होते. लवूचं नाव आलं तेव्हा त्यांनी डोळेच मिटले. मग स्वतःचं ते हसतं वाक्य ऐकून उघडले.

“हे कशाला घेतलंत?” सुबोध लाजून हसला. “माझं ताट काय बघायचंय लोकांना! आई, तू पण ना... तुम्ही जेवून जा हं, मी दही घेऊन येतो.” चपला घालून तो खाली उतरला.

जिन्यातली पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर काकी गंधालीकडे वळल्या.

“कमलेन सांगितला काय तुका?”

“नाही काकी. तुम्हीच सांगितलंत. माइक चालू होता.”

काकींनी पदराकडे बघितलं, जणू तो अजून तिथेच होता. “आणि ता तांदळाचा? ता खंय गेला?”

“माझ्याकडे आहे. फिल्ममध्ये नाही येणार. तुम्ही म्हणाल तर आजच पुसते.”

गंधालीला वाटलं होतं, त्या हो म्हणतील. तिने मनाची तयारी केली होती. काकींनी तिचं मनगट धरलं.

“पुसू नको. एकदाच बोललंय गो मी ता, त्रेचाळीस वर्सांत. परत बोलूचा माका जमाचा नाय.” त्यांनी दाराकडे बघितलं. “मी आसताना नको. मी गेल्यार त्येका दी. तेवा रागावलो तरी माका बघूचा लागाचा नाय. पण त्येका कळाक होया, त्याच्या बापाक कोणी आणि कित्याक नाय म्हटला ता.”

तेवढ्यात सुबोध दही घेऊन आला. तिघं जेवायला बसली. भात गरम होता. सुबोध भराभर, मान खाली घालून जेवला, आणि शेवटी बोटाने ताट निपटून घेतलं. काकी त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि गंधालीला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत आल्याबरोबर तिने तिसऱ्या टेकवरचा हिरवा टॅग काढला. लाल लावला नाही, पिवळाही नाही. टेक वेगळ्या डिस्कवर उतरवला. विषयाच्या जागी तिने लिहिलं: ‘सुबोधसाठी. काकींनंतर.’ आणि त्यातून एक क्षणही कापला नाही, खोकलासुद्धा तसाच ठेवला.