बरखेड्याहून चालणारं पुण्याचं स्थळ

एमपी नगरच्या ऑफिसात लग्नाच्या वेबसाइटची प्रोफाइलं तपासणारी मेघा सकाळपासून एकाच स्थळावर अडकली होती. मुलगा तीस वर्षांचा, नोकरी पुण्यात, पण लॉगिन मात्र इथल्याच, आपल्या शहरातल्या बरखेड्यातून. "लोकेशनच जुळत नाही. फेक आहे, उडव यार," शेजारच्या तुषारने निकाल देऊन टाकला.

"मोबाइल नेटचं लोकेशन कुठलंही दाखवतं!" मेघा खेकसली. पण पुढचं पाहून तिचंच डोकं भंजाळलं. लॉगिन रोज पहाटे पाचला, म्हाताऱ्या माणसासारखं. पण शिफ्टवालाही तेव्हा उठतोच. फोनवरची अक्षरं मोठी केलेली. ती तर तिच्या स्वतःच्या फोनवरही होती. त्याच फोनवरून एका मुलीचं प्रोफाइलही चालत होतं, हे तर सरळ ठगाचं लक्षण. पण दोघांचं आडनाव एकच, आणि प्रत्येक मेसेजची सुरुवात 'स.न.वि.वि.'ने!

एकट्या कुठल्याच खुणेत दम नव्हता. सगळ्या मिळून मात्र एकीकडे झुकत होत्या: ठग नसावा, घरातलं कुणी मोठं माणूस असावं. 'असावं', एवढंच. म्हणून तिने प्रोफाइल उडवलं नाही आणि मंजूरही केलं नाही. नुसतं थांबवून ठेवलं आणि विचारलं, "हे खातं कोण सांभाळतं?"

दहा मिनिटांत उत्तर आलं.

"स.न.वि.वि. मी वडील, दत्तात्रय. मुलगा-मुलगी दोघांचं मीच बघतो. एक विनंती, मुलाला कळवू नये. पुण्यात आपलं लग्न झालंय असं तो म्हणतो. आम्ही ते धरत नाही."