एकसष्ट ओळी

अंबडच्या एमआयडीसीत विजेचे स्विच बनवणाऱ्या एका कंपनीत मनीषा भरतीचं काम बघायची. अकरा वर्षं झाली होती. भरती नुसती म्हणायला, खरं काम नाही म्हणण्याचं. चोवीस जणांना घ्यायचं म्हणजे सहाशे जणांना परत पाठवायचं.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने एक जुना विभाग बंद केला, तेव्हा एकशे अठरा कामगारांना एकेक करून समोर बसवून तिनेच ते सांगितलं होतं. पहिल्या दिवशी घरी गेल्यावर तिला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी ती नीट जेवली आणि टीव्हीवरची मालिकाही शेवटपर्यंत पाहिली. तेव्हापासून तिला फारसं काही वाटेनासं झालं. सकाळी इंदिरानगरातून स्कूटर काढायची, संध्याकाळी परत लावायची. कुणी विचारलं तर मजेत आहे म्हणायची, आणि ते खोटंही नसायचं.

या वर्षी माप-तपासणीच्या जागांसाठी सहाशे अठ्ठेचाळीस अर्ज आले. चोवीस जण घेतले. गेल्या वर्षी न निवडलेल्यांना काहीच कळवलं नव्हतं, तर दोन महिने फोन वाजत राहिले होते. म्हणून कारखान्याचे प्रमुख ललित सर म्हणाले, "यंदा सगळ्यांना कळवून टाका. गुरुवारपर्यंत. आणि जरा माणसाने लिहिल्यासारखं वाटू दे."

मनीषाच्या हाताखाली सायली नावाची मुलगी नुकतीच लागली होती. तिने उत्साहाने मजकूर लिहून आणला. सुरुवातीला कंपनीत रस दाखवल्याबद्दल आभार, मग स्पर्धा किती चुरशीची होती ते, मग उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. निवड झाली नाही हे सातव्या वाक्यात.

"वाचणारा पहिली सहा वाक्यं श्वास धरून वाचतो," मनीषा म्हणाली. "नाही हे पहिल्या वाक्यात सांगायचं. आणि हे काय, अर्ज जपून ठेवू?"

"बरं वाटतं ना मॅडम वाचायला."

"ठेवणार आहोत का आपण?"

सायलीने ते वाक्य खोडलं.

मग दोघींनी याद्या पाडल्या. नुसता अर्ज केलेले तीनशे एक्क्याण्णव, लेखी परीक्षेपर्यंत आलेले एकशे बहात्तर. या दोन याद्यांना एसएमएस. एसएमएसचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात फक्त नाव आणि जागा बदलता येते. बाकी एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मेसेज जातच नाही. तिथे करण्यासारखं फार नव्हतं. पण मुलाखतीला येऊन गेलेले एकसष्ट जण होते. ते या इमारतीत आले होते, खुर्चीवर बसले होते. त्यांना ईमेल जाणार होता.

ईमेलचा सांगाडा सगळ्यांना एकच. एक्सेलच्या तक्त्यात नाव, जन्मतारीख, मुलाखतीची तारीख आणि शेवटचा रकाना 'ओळ'. पाठवताना ज्याच्या त्याच्या पत्रात ज्याची त्याची ओळ आपोआप जाऊन बसते. त्या रकान्यात काय लिहायचं याचे मनीषाचे नियम ठरलेले होते. डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच लिहायचं. दुसऱ्याशी तुलना नाही. पुढच्या वेळेचं आश्वासन नाही. एका कॉलेजच्या दोघांना एकच ओळ नाही, कारण ही मुलं ग्रुपवर पत्रं ताडून पाहतात. मुलाखतीच्या कागदावर काहीच टिपलेलं नसेल तर रकाना कोरा सोडायचा, उगाच काही रचायचं नाही. आणि कोऱ्या जागी पत्रात भोक पडत नाही ना, ते आधी स्वतःला पाठवून बघायचं.

ती कागद उलटत गेली आणि ओळी लिहीत गेली. एकेका ओळीला मिनिट-दीड मिनिट. 'स्विचच्या नकाशातली चूक तुम्ही आम्हाला दाखवून दिलीत.' 'येत नाही ते येत नाही असं तुम्ही सरळ सांगितलंत.' सहादू नावाच्या उमेदवाराच्या कागदावर तिचंच अक्षर होतं. तिने लिहिलं, 'माप घेण्याआधी मायक्रोमीटर शून्यावर आहे का, ते तुम्ही दोनदा तपासलंत, ते लक्षात राहिलं.'

सायली मागे उभी राहून वाचत होती. "मॅडम, किती छान लिहिता तुम्ही. मला तर रडू येईल असं पत्र आलं तर."

"दुसरी यादी उघड," मनीषा म्हणाली.

गुरुवारी अकरा वाजता सगळं एकदम गेलं.

सोमवारी दुपारी गेटवरून फोन आला. एक माणूस पत्राचा कागद घेऊन आला आहे, भांडत नाही, पण जातही नाही. मनीषा खाली गेली. सुरक्षारक्षकाच्या केबिनबाहेर, द्वारका भागातल्या एका गॅरेजचं नाव छापलेला शर्ट घातलेला माणूस उभा होता. तिने त्याला ओळखलं. सहादू. तीन वर्षं तो मुलाखतीला येत होता.

"मॅडम, ही ओळ तुम्ही लिहिली का कंप्युटरनं?"

"मी लिहिली."

"खरी हाय?"

"खरी आहे."

"मग घेतलं का नाय?"

तो चिडलेला नव्हता. अडलेलं गणित मास्तरांना दाखवावं तसा त्याने कागद पुढे धरला होता.

"मागच्या वर्षी वाटलं, आपलं मापच चुकलं. म्हणून सातपूरच्या एका मिस्त्रीकडं गेलो. सुट्टी झाली की रोज अर्धा तास. शून्य तपासायचं त्यानंच शिकवलं. लय शिकलो मॅडम. आता तुम्ही लिहिता की ते बरोबर होतं. मग पुढच्या वर्षी काय शिकून येऊ, तेवढं सांगा."

याला उत्तर होतं. ललित सरांनी ते तीन वर्षांपूर्वीच दिलं होतं, तोंडी. तिशीच्या वरचे नकोत. घरदार असतं, जादा पाळीला नाही म्हणतात. जाहिरातीत लिहायचं नाही. आणि मुलाखतीला मात्र बोलवायचं, कारण किती जणांना पाहिलं याचा आकडा वर, पुण्याच्या मुख्य ऑफिसात, जातो. मनीषाने तेव्हा मान हलवली होती आणि पुढच्या कामाला लागली होती.

"वय," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचं वय. तिशीच्या वरच्यांना या जागेवर घेत नाहीत."

सहादूने मनात काहीतरी जुळवून पाहिलं. "मी पहिल्यांदा आलो तवाच बत्तीसचा होतो."

"हो."

"म्हणजे पहिल्या वर्षीपासूनच नाय होतं."

"हो."

त्याने कागदाची घडी घातली, मग पुन्हा एक घडी घातली, आणि खिशात ठेवला. "हे लिहायचं ना मग," तो म्हणाला. "ते शून्याचं नसतं लिहिलं तरी चाललं असतं."

तो रस्ता ओलांडून रिक्षांकडे गेला. मनीषा वर आली. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही. मग तिने तक्ता उघडला आणि जन्मतारखेच्या रकान्यावर यादी लावून घेतली. एकसष्टपैकी एकोणीस जण तिशीच्या वरचे निघाले. त्यांच्या ओळी तिने वाचल्या. सगळ्या खऱ्या होत्या. पण त्या वाचून कुणीही पुन्हा तयारीला लागलं असतं.

ती ललित सरांकडे गेली. "पुढच्या जाहिरातीत वयाची अट लिहू या."

"लिहिली की प्रश्न येतात मनीषा. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं."

"मग त्यांना मुलाखतीला तरी बोलवायला नको."

"तुम्ही पत्रं मस्त लिहिलीत. वरूनही कौतुक आलंय. विषय संपवा ना."

विषय संपवायचा म्हणजे काय, ते तिने जागेवर येऊन ठरवलं. नवीन पत्र उघडलं. आधी ती नेहमीच्या सवयीने प्रत्येकासाठी वेगळी ओळ लिहू लागली. दोन लिहून झाल्यावर तिने ती दोन्ही पुसली आणि रकानाच काढून टाकला. एकोणीस जणांना एकच मजकूर, फक्त वर ज्याचं त्याचं नाव.

'तुमची निवड न होण्याचं कारण तुमचं वय आहे. या जागेवर तीस वर्षांवरील उमेदवार घेतले जात नाहीत. हे जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं, लिहायला हवं होतं. तुमच्या कामात आम्हाला उणीव दिसली नाही. या जागेसाठी पुन्हा रजा काढून येऊ नका.' खाली तिने स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर घातला.

स्वतःला एक पाठवून पाहिलं. नाव बरोबर येत होतं. सायलीने पडद्याकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "सरांना विचारलंय?"

"नाही. तू चहा घेऊन ये."

"मला बाहेर पाठवताय."

"हो."

सायली गेली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

बुधवारी सरांनी बोलावलं. कोणीतरी पत्र पुढे पाठवलं होतं, ते फिरत फिरत पुण्याच्या ऑफिसात पोचलं होतं. सर ओरडले नाहीत. अकरा वर्षांच्या नोकरीबद्दल बोलले, विश्वासाबद्दल बोलले. मनीषा त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या सुट्ट्यांच्या यादीकडे बघत उभी राहिली. भरतीचं काम त्या दिवसापासून सायलीकडे गेलं. मनीषाकडे हजेरी आणि कॅन्टीन आलं. पुढच्या जाहिरातीत वयोमर्यादा छापायची, असंही पुण्याहून कळवलं गेलं. तिला हे सायलीने सांगितलं, जिन्यात गाठून.

"तुमच्यामुळे झालं मॅडम."

"बरं झालं," मनीषा म्हणाली. कॅन्टीनच्या दुधवाल्याला फोन करायचा राहिला होता.

एकोणीस जणांपैकी तिघांनी उत्तर दिलं. एकाने शिव्या लिहिल्या. एकाने नुसते हात जोडलेले पाठवले. सहादूकडून काही आलं नाही. तिसरं उत्तर म्हणजे फोन होता, शनिवारी, ती भाजी निवडत असताना.

"मी पूजा बोलतेय, देवळाली कॅम्पातून. मिस्टर आर्मीत आहेत. मी मुलाखतीला आले होते."

मनीषाला ती आठवली. नकाशातली चूक दाखवणारी.

"रागावून नाही केला फोन," पूजा म्हणाली. "मला एकतीस पूर्ण झालीत. तुमचं पत्र आलं तर घरात म्हणाले, बघ, आता नोकरीचं वयच गेलं. म्हणून विचारते मॅडम, सगळीकडे असंच असतं, की तुमच्याकडेच?"

"आमच्याकडेच," मनीषा म्हणाली. मग थांबून म्हणाली, "सगळीकडे नाही. काही ठिकाणी आहे."

"तिशीच्या वरच्यांना घेतात अशी एखादी जागा माहीत आहे का तुम्हाला?"

मनीषाने मेथीची जुडी बाजूला सारली. अकरा वर्षांत एमआयडीसीतल्या कितीतरी भरतीवाल्यांचे नंबर तिच्याकडे जमले होते. कोण कुणाला घेतं, कोण नुसतं बोलावतं, सगळं तिला ठाऊक होतं, आणि हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"पेन आहे का जवळ?" ती म्हणाली. "चार सांगते. पहिल्या ठिकाणी माझं नाव घेऊ नका, त्यांचं आमच्याशी पटत नाही. बाकी तिन्हीकडे घ्या."