फ्रीझमधली हजेरी

आमच्या क्लासचा करारनामा चार पानांचा आहे आणि अकरा वर्षांत तो पूर्ण वाचून सही करणारा एकही पालक मला भेटलेला नाही. सगळे विचारतात, "सही कुठे?" मग चार महिन्यांनी भांडायला येतात तेव्हा तोच कागद माझ्या नाकासमोर नाचवतात. मी काउंटरला बसते. नियम सरांचे, फी सरांची, शिव्या मात्र माझ्या. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. अकरा वर्षं त्या खुर्चीत बसा, मग बोलू.

एकच बाप असा आला, ज्याने ओळ न् ओळ समजून घेतली. तो गवंडी होता. मुलीला दहावीनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या बॅचला घातलं होतं, वर्षाची फी एकरकमी भरून. मुलगी वयाच्या मानाने फारच लहानखुरी. बाप तिला इटुकली म्हणायचा, मग आम्हीही म्हणायला लागलो. नंबर दोनशे चौदा, सहाची बॅच, पहिला बाक.

तिच्या प्रवेशाच्या दिवशी मी एक चूक केली होती, ती आधीच सांगून टाकते. आमच्या दाराला बोट लावायचं मशीन आहे. मुलाने बोट लावलं की हजेरी लागते, दार उघडतं आणि आतली बाई "धन्यवाद" म्हणते. प्रत्येक नंबरावर दोन बोटं नोंदवावी लागतात, एक मुलाचं आणि एक पालकाचं. दुसरं बोट घेतल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. आता या माणसाची बोटं सिमेंट-चुन्याने झिजून गुळगुळीत झालेली. आठ वेळा लावलं, मशीन काही ओळखेना. मागे रांग वाढत होती. शेवटी त्याच्या जागी मी माझी डाव्या हाताची करंगळी लावली आणि फॉर्म पुढे ढकलला. माझी स्वतःची हजेरी उजव्या अंगठ्यावर लागते, त्यामुळे ही करंगळी कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

पाच महिन्यांनी तो एका दुपारी आला. इटुकली दवाखान्यात होती. ताप डोक्यात गेला होता, असं तो म्हणाला. हातात करारनामा, घडीवर सिमेंटचे डाग.

"मॅडम, हे मला सगळं समजावून सांगा. घाई नाही मला."

माझ्या समोरचा चहा निवत होता, पण त्याचा चेहरा बघून मी तो बाजूला सारला.

"दादा, आधी फीचं ऐका. ते पत्र आलंय ना फी वाढल्याचं, त्याला घाबरू नका. फी वाढवायची तर क्लासने एक महिना आधी लेखी कळवायचं, आणि ज्यांनी वर्षाची भरलीय त्यांना वर्ष संपेपर्यंत वाढ लागत नाही. तुम्ही सोडून पुन्हा आलात, तरच नवी फी."

"आणि सोडलं तर?"

"एक महिना आधी लेखी द्यायचं. त्यानंतर जितके पूर्ण महिने उरतात तितक्यांचे पैसे परत. नोंदणीचे आणि पुस्तकांचे मिळत नाहीत. मोठं आजारपण असेल, किंवा..." मी पुढचं वाचलं नाही. "तर महिनाभराची अट नाही, कापाकापी नाही. शेवटच्या हजेरीपासून पुढचे सगळे पैसे परत."

"किंवा काय?"

मी ते कलम बोटाने दाखवलं. त्याने त्या शब्दावर स्वतःचं गुळगुळीत बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

"ते नको. तिने सांगितलंय, बाबा, माझा क्लास बंद करू नका. परवा शुद्धीत होती तेव्हाच म्हणाली. दुसरं काही आहे?"

"फ्रीझ आहे. म्हणजे थांबवून ठेवायचं. डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची, वर्षातून एकदा, जास्तीत जास्त साठ दिवस. ते दिवस शेवटी जोडून मिळतात, जागाही राहते. पण मध्ये एक दिवस जरी हजेरी लागली, की फ्रीझ आपोआप उठतं. आणि साठ दिवसांनंतर पंधरा दिवसांत ती आली नाही, तर करार संपतो."

"ती येईल," तो म्हणाला. "क्लास म्हणजे तिचा जीव की प्राण."

मी फ्रीझ टाकलं. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, की निदान एका माणसाला नीट सांगितलं.

तो परत आला तो साठ दिवस उलटल्यावर. दाढी वाढलेली, खिशातून घडी केलेला मृत्यूचा दाखला काढून त्याने काउंटरवर ठेवला. फ्रीझ टाकल्यापासून चौथ्या दिवशी संध्याकाळी इटुकली गेली होती.

मी दाखल्यावरची तारीख वाचली. तो म्हणाला, "मॅडम, मला काही भांडायचं नाही. तुम्ही सांगितलं होतं, शेवटच्या हजेरीपासून. तिची धाकटी बहीण आहे. तिच्या शाळेत भरीन. तिने शिकायचं तेवढं हिने शिकावं."

मी कॉम्प्युटरवर दोनशे चौदा उघडला. फ्रीझ उठलेलं होतं, चौथ्या दिवशीच. त्यानंतर रोज हजेरी, संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं, रविवार सोडून एकही दिवस चुकलेला नाही. शेवटची हजेरी कालची.

मी त्याला बाकावर बसवलं आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी आपल्या कॉम्प्युटरवर तीच नोंद बघितली, माझ्याकडे बघितलं.

"कुणी तरी लावतंय. मशीन खोटं बोलत नाही. दुसरं बोट कोणाचं आहे?"

तेव्हा मला करंगळी आठवली. मी सांगितली. सर असे तडकले, की बाहेर ऐकू गेलं असेल. मला उलट हायसं वाटलं. भूताखेतापेक्षा आपला मूर्खपणा कधीही परवडला.

पण सरांनी तपशील उघडला तसं ते हायसं वाटणं गेलं. कुठल्या बोटाने हजेरी लागली हे मशीन लिहून ठेवतं. सगळीकडे लिहिलं होतं, बोट पहिलं. माझी करंगळी एकदाही नाही. शिवाय मधले तीन दिवस मी भाच्याच्या लग्नाला गावी होते आणि त्या तिन्ही दिवशीही सहा-पाच होतेच. मला आधी कधी कळलं कसं नाही? कारण सहाच्या बॅचला साठ पोरं लोटतात, मशीनमधली बाई धन्यवाद-धन्यवाद करत सुटते. त्यात एक धन्यवाद जास्तीचा, कोण मोजणार?

सरांनी तपशील बंद केला. मग त्यांचा तो नेहमीचा आवाज आला. "हे बघा, कागदावर शेवटची हजेरी काल आहे. कालपासून हिशेब करू."

"सर, पोरगी मेली आहे."

"मग ही हजेरी कुणाची?"

मला वाटतं, तेही घाबरले होते. मी रागाने कागद ओढला आणि लिहून दिलं: दोनशे चौदाच्या सर्व हजेऱ्या माझ्या चुकीच्या नोंदीमुळे लागल्या, जबाबदारी माझी. उभ्या आयुष्यात मी सरांना खोटं लिहून दिलं ते एवढंच. सरांनी ते ठेवून घेतलं आणि फ्रीझच्या आधीच्या शेवटच्या हजेरीपासूनच्या परताव्यावर सही केली.

बाहेर येऊन मी बापाला चेक दिला. करार संपल्याच्या कागदावर त्याची सही घेतली. हजेरीचं त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

"आता तिचा नंबर?" त्याने विचारलं.

"करार संपला की नाव काढतो. बोटसुद्धा पुसतो मशीनमधून. नियम आहे."

"पुसावंच लागतं?"

"हो दादा."

त्याने मान हलवली. दाराशी जाऊन मशीनकडे जरा वेळ बघत राहिला, स्वतःचा अंगठा त्याच्यावर ठेवला. लाल दिवा लागला. "मला ते कधी ओळखतच नाही," असं म्हणून तो हसला आणि गेला. मी जागेवर येऊन दोन्ही बोटं पुसली. एक कळ दाबायची, "खात्री आहे का?" ला हो म्हणायचं. झालं.

त्या दिवशी चाचणी होती, म्हणून सहाची बॅच पाचलाच आत बसली होती. जिना मोकळा, बाहेरची चपलांची रांगही शांत. सर तिसऱ्या वर्गात चाचणीचा दुसरा पेपर वाटायला गेले होते. मी बिलं लावत बसले होते, म्हणजे तसं दाखवत होते. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

सहा वाजून पाच मिनिटांनी मशीन बोललं.

"ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा."

दाराची वरची अर्धी बाजू काचेची आहे. काचेत कुणी नव्हतं. मग मला आठवलं, की इटुकली त्या काचेपर्यंत पोचतच नसे. ती आली की मला फक्त दप्तराचा वरचा बंद दिसायचा.

"ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा."

खरं सांगते, तिसऱ्यांदा ते वाक्य ऐकलं तेव्हा भीतीपेक्षा मला माझीच लाज जास्त वाटली. साठ दिवस पोरगी वेळेवर आली होती. चाचणीची वेळ बदलली हे सगळ्या पालकांना कळवलं होतं, आणि तिच्या बापाचा फोन नंबर मी आठवड्यापूर्वीच यादीतून काढला होता, फ्रीझचे साठ दिवस संपले म्हणून. तिला कोण सांगणार होतं, की आज बॅच पाचला आहे, आणि तुझा करार संपला आहे?

"ओळख पटली नाही. पुन्हा..."

मी उठले, आतल्या बाजूच्या मशीनवर उजवा अंगठा ठेवला. "धन्यवाद," बाई म्हणाली. मी दार उघडून धरलं. जिन्यावरून गार वारा आला आणि माझ्या कमरेजवळून आत गेला. ओल्या सिमेंटचा वास आला, बापाच्या डब्याशेजारी ठेवलेल्या दप्तराला येतो तसा.

"उशीर झाला तुला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नेहमीसारखा तिखट वाटला. "चाचणी सुरू झालीय. जा, पहिल्या बाकावर जागा आहे."

तिसऱ्या वर्गात सर पेपर मोजत होते. दाराच्या फटीतून मला ऐकू आलं, की त्यांनी मोजणं थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. मग ते बाहेर येऊन मला म्हणाले, "मुलं एकोणसाठ, पेपरही एकोणसाठच आणले होते. तरी एक कमी पडतोय."

मी झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून एक प्रत काढून त्यांच्या हातात दिली. ती घेऊन ते आत गेले.

आता रोज सहा वाजून पाच मिनिटांनी मी दाराशी जाऊन उभी राहते. अंगठा माझाच लावते. नोंदीत दिसतं, की मी दिवसातून एकदा उगीचच दार उघडते. सर ते बघतात आणि पुढची नोंद उघडतात. परीक्षा मे महिन्यात आहे. तोवर मी रजा घेणार नाही.