आईच्या ब्लाउजचं कापड

बाळांनो, समजा, तुमच्या हातात मोठी कात्री आहे. समोर आईचं कापड आहे आणि एकदा कापलं की ते परत जुळणार नाही. आता तळहाताला घाम येतो की नाही बघा.

शिवणवर्गातल्या चिमटीला तो आला होता. वर्गात सगळ्यांत लहान, म्हणून तिचं नाव चिमटी. सोमवारी आई नवा ब्लाउज घालून नव्या कामावर जाणार होती. तिच्याजवळ नवं कापड एवढंच होतं आणि ते तिने विश्वासाने लेकीच्या हाती दिलं होतं.

शिवणबाईंनी प्रत्येकीला कौशल्यांची यादी दिली होती. टेप पोलादी पट्टीशी लावून ताडणे. छाती, कंबर, खांदा, बाही जोडतात तो मुंडा, उंची यांची मापं घेणे. खुणा करणे. खुणा पुन्हा मोजणे. मगच कापणे. जे जमलं त्यापुढे आपण बरोबरची खूण करायची, बाई शेवटी बघायच्या.

चिमटीने आईची मापं घरीच आजीच्या टेपने घेतली होती. छाती छत्तीस. आज तिने कापडाची उभी घडी घातली, घडी पाठीच्या मधोमध येईल अशी, आणि वर्गातल्या पोलादी पट्टीने खडूच्या खुणा केल्या. छातीचा चौथा भाग नऊ, सैलपणाला अर्धा इंच, शिलाईला एक. साडेदहा.

यादीत होतं म्हणून तिने तीच खूण आजीच्या टेपने पुन्हा मोजली. टेपवर ती दहाच्या जेमतेम पुढे आली.

पट्टी पोलादाची, ती कशी वाढेल? वाढली होती टेप. ओढून ओढून आजीच्या काळापासून सैलावलेली. ताणलेली टेप माप कमी दाखवते, म्हणजे आईची छाती छत्तीसपेक्षा जास्त होती. ब्लाउज आवळणार होता. आणि यादीतल्या पहिल्याच ओळीपुढे तिने, न ताडताच, बरोबरची खूण केली होती.

चहूकडे कात्र्या कराकरा चालत होत्या. अंदाजाने जरा मोठं कापावं का? पण किती? आणि मुंडा? खांदा? सगळीच मापं त्या टेपची.

शेजारच्या काकू हसल्या. "अगं, कात्री धरलीस की साप?"

बाई एकेकीची यादी बघत जवळ येऊ लागल्या. खोटी खूण सापडली की त्या नुसतं चष्म्यावरून बघायच्या. त्या बघण्याला मोठ्या बायकासुद्धा टरकायच्या. चिमटीला आईचा चेहरा आठवला. कापड देताना आईने ते एकदा गालाला लावलं होतं.

बाई समोर उभ्या राहिल्या. चिमटीने कात्री मिटून बाजूला ठेवली.

"बाई, माझी टेप सैल आहे. मी ती ताडली नव्हती, तरी खूण केली."

मग तिने खोडरबर घेऊन पहिल्या ओळीपुढची खूण स्वतःच पुसली, वर्गातली टेप पट्टीशी लावून पाहिली, आणि ती टेप बाईंकडून मागून घेऊन पुन्हा मापं घ्यायला आईकडे निघाली.